बारशाआधी आडनाव ठरवायचंय (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

मृण्मयी, बी-३०४: नमस्कार. रविवारी बाळाचं बारसं आहे, नाव ओवी ठेवतोय, आमंत्रण सगळ्यांना दिलंच आहे. त्याआधी एक विचारायचं होतं. लग्नानंतर मी नाव बदललेलं नाही. आधार, पॅन, पासपोर्ट, ऑफिस, सगळीकडे मृण्मयी अशोक पाटणकर. दवाखान्यात केसपेपर करताना नवऱ्याचं नाव विचारलं आणि परस्पर 'सौ. मृण्मयी निखिल सुतार' लिहून टाकलं. डिस्चार्जच्या कागदावर हे लक्षात आलं, पण तोवर तोच तपशील महापालिकेकडे गेला होता. या नावाचा माझा एकही कागद नाही. हे दुरुस्त होतं का? आणि बाळाला आडनाव कुणाचं लावायचं, यावरही घरात अजून एकमत नाही.

कुलकर्णी काकू, ए-१०२: अगं, बाळाचं अभिनंदन आधी! आडनावाचं काय एवढं, वडिलांचं लागतंच की. आणि तूही लावून टाक आता, मूल झालं की आई-बाप-लेकरू एका नावाचे बरे वाटतात.

सायली, डी-४०२: काकू, ते तिचं तिला ठरवू द्या ना. मी माझं बदललं, ते मला हवं होतं म्हणून. पण कायद्याने बदलावं लागतं असं काही नाही.

शिंदे काका, सी-२०१: सायली म्हणते ते बरोबर आहे. लग्नानंतर बायकोने नवऱ्याचं आडनाव घ्यावं असा कायदा आपल्याकडे नाही, ती रूढी आहे. मी नोकरीची बरीच वर्षं महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मृण्मयी, आधी आईच्या नावाचं बघू. ते आडनावापेक्षा तातडीचं आहे. दवाखाना जन्माची माहिती निबंधकाकडे पाठवतो आणि त्यावरून नोंद होते. नोंदीत बाळाचं नाव तेव्हाच असावं लागत नाही, ते नंतर चढवता येतं. पण आई-वडिलांची नावं तेव्हाच चढतात. केसपेपर लिहिणारा सवयीने नवऱ्याचं आडनाव लावतो, आणि दाखल्यावर एक अशी आई येते जी बाकी कुठल्याच कागदावर नसते. तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही. लक्षात येतं ते शाळाप्रवेशाला किंवा मुलाचा पासपोर्ट काढताना, कारण तिथे दाखल्यावरची आई आणि समोर बसलेली आई यांची नावं जुळत नाहीत.

दुरुस्ती होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ मध्ये चुकलेली नोंद दुरुस्त करायची सोय आहे. तुम्हा दोघांच्या सह्यांचा अर्ज, तुझं आधार आणि पॅन, विवाह नोंदणीचा दाखला, आणि दवाखान्याकडून 'नाव चुकीचं कळवलं गेलं' असं पत्र. ते पत्र असलं की काम सोपं होतं, म्हणून आधी तिथे जा. आणि हे सगळं बाळाचं नाव चढवायच्या आधी कर. दोन्ही अर्ज एकदम दिले की कधीकधी नाव चढतं आणि दुरुस्ती मागे राहते.

मृण्मयी, बी-३०४: काका, किती दिवसांत नाव द्यावं लागतं?

शिंदे काका, सी-२०१: नोंदणी झाल्यापासून वर्षभरात फुकट. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण तेवढं थांबू नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, वाहन परवाना, पासपोर्ट, सगळ्याला जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरतात. पूर्वी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निभावून न्यायचो, ते आता चालणार नाही. म्हणून दाखल्यावर जे चढेल ते नीट ठरवून चढवा. बारशाला ठरलेलं नाव सोमवारी लगेच देऊन टाकू असं करू नका, आडनावाचा निर्णय दोघांचा पक्का होऊ दे.

निखिल, बी-३०४: काका, नवीन जीआरमध्ये आईचं नाव घालायचंय ना? मग तोच प्रश्न सुटला असं मला वाटत होतं.

शिंदे काका, सी-२०१: सुटला नाही. मार्च २०२४ चा तो निर्णय आहे, १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना लागू. क्रम असा: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यात आईचं फक्त पहिलं नाव येतं. म्हणजे ओवी मृण्मयी निखिल, इथपर्यंत ठरलं. चौथा शब्द कुणाचा, ते तुमचं तुम्हीच ठरवायचं. आजवरच्या सवयीने वडिलांचा लिहितात. नोंदणी कायद्यात तसं बंधन नाही. खिडकीवर कुणी 'वडिलांचंच लागतं' म्हणालं तर वाद घालत बसू नका, दोघांच्या सह्यांचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

देशपांडे आजी, ए-२०३: मी आजवर या ग्रुपवर फारसं लिहिलं नाही, पण यावर लिहिते. माझ्या लग्नात आडनावच नाही, माझं नावसुद्धा बदललं. ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने नवीन नाव लिहिलं, तेव्हा तशी रीतच होती. माहेरी मी सुलभा, इथे माधुरी. वडील गेल्यावर वारसनोंद करायची होती, तिथे भावांनी सुलभा लावलं कारण गावात मला त्याच नावाने ओळखतात. माझं आधार माधुरीचं. सातबाऱ्यावरची सुलभा मीच, हे सिद्ध करायला शाळेचा दाखला, लग्नाची पत्रिका, प्रतिज्ञापत्र, तलाठी, असं किती दिवस चाललं. मुली आज स्वतःचं नाव तसंच ठेवतात म्हणून कुणाला राग येत असेल, तर त्यांनी एकदा माझ्याबरोबर तहसीलला यावं.

शिंदे काका, सी-२०१: आजी, तुमच्यासारख्या प्रकरणांचा विचार त्या जीआरमध्ये आहे. विवाहितेचं नाव पतीच्या नावासकट लिहायची पद्धत चालू ठेवली आहे, पण मालमत्तेच्या कागदांवर लग्नाआधीच्या नावाने नोंद करायची मुभा स्पष्ट दिली आहे.

सायली, डी-४०२: मी बदललं तेव्हा आधी आधार बदललं आणि पॅन राहिलं. मग दोन्ही जोडताना नाव जुळेना. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं हे कुणी सांगितलं नव्हतं. बदलणाऱ्यांनी सगळे कागद एकाच वेळी बदलावेत, एवढं सांगते. आणि पॅनवर तर तसंही वडिलांचं किंवा आईचं नाव असतं, नवऱ्याचं नसतंच.

ऋषी, ई-५०३: दोन्ही आडनावं जोडून लावा ना. ओवी पाटणकर-सुतार. माझ्या ऑफिसात बरेच जण लावतात.

शिंदे काका, सी-२०१: लावता येतं. पण मध्ये रेघ टाकली की कुठे रेघ येते, कुठे मोकळी जागा, कुठे दोन्ही शब्द चिकटतात. माणसासाठी ते एकच नाव असतं, संगणकाला तीन वेगळी वाटतात. लावायचंच तर रेघ न घालता एक पद्धत ठरवा आणि प्रत्येक अर्जात अक्षरन् अक्षर तसंच लिहा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा.

निखिल, बी-३०४: मी मोकळेपणाने सांगतो. माझ्या आईला सुतार हवं आहे, घराण्याचं नाव म्हणून. तिचं मन मला मोडायचं नाही. मला वेगळी काळजी आहे. आमच्याकडे ओबीसीचा दाखला आहे. मृण्मयी खुल्या प्रवर्गातली. ओवीला पाटणकर लावलं आणि पुढे तिला दाखला लागला, तर?

शिंदे काका, सी-२०१: चांगलं विचारलंस. जात आडनावावरून ठरत नाही, नात्यावरून ठरते. दाखला काढताना आणि पुढे पडताळणी समितीपुढे तुझा दाखला, तुझ्या वडिलांचा, आजोबांचा शाळेचा पुरावा आणि वंशावळ लागते. ओवी तुझी मुलगी हे तिच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या रकान्यात तुझं पूर्ण नाव असल्यानेच सिद्ध होतं. आडनाव वेगळं म्हणून दाखला नाकारता येत नाही. मात्र खोटं सांगणार नाही: आडनाव वेगळं दिसलं की प्रश्न विचारतात, दर वेळी एक स्पष्टीकरण आणि प्रतिज्ञापत्र जास्त लागेल. तुझ्या रकान्यातलं नाव तुझ्या जातीच्या दाखल्यावरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. तुझ्या वडिलांचं नाव 'सुरेश' की 'सुरेशराव', एवढा फरकही त्रास देतो.

कुलकर्णी काकू, ए-१०२: मी वाद घालत नाही हं. पण शाळेत मुलगी 'तुझं आणि बाबांचं आडनाव वेगळं का' या प्रश्नाला काय उत्तर देणार, एवढंच वाटतं मला.

मृण्मयी, बी-३०४: काकू, सुतार लावलं तर हाच प्रश्न तिला माझ्याबद्दल विचारतील. कुणाबद्दल तरी तो येणारच आहे. आमच्या घरात मी आणि ताई दोघीच. ताईच्या मुलांना जिजाजींचं आडनाव आहे आणि त्यांना ते आवडतं, त्यात कुणाची तक्रार नाही. पण बाबांनी कधी तोंडाने मागितलं नाही, म्हणून ते द्यायचंच नाही असंही नाही ना.

ऋषी, ई-५०३: बाहेरदेशी जाताना मात्र लक्षात ठेवा. मुलाचं आणि बरोबरच्या पालकाचं आडनाव वेगळं असलं तर इमिग्रेशनला विचारू शकतात. जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवायची, एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र. आम्ही नेहमी नेतो, पाच मिनिटांचं काम.

देशपांडे आजी, ए-२०३: आणि नवरा-बायकोचं पटलं नाही तर कोण ठरवतं, काका? ते व्हायचं नाही तुमच्याकडे, पण विचारते.

शिंदे काका, सी-२०१: मग कोर्ट, आणि तिथे मुलाचं हित बघतात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात आईच्या बाजूने निकाल दिला. वडील वारलेले, आईने दुसरं लग्न केलं, आणि आजी-आजोबांना नातवाला जुनंच आडनाव हवं होतं. नैसर्गिक पालक म्हणून आडनाव ठरवायचा अधिकार आईचा, असं कोर्टाने सांगितलं. पण तिथे वडील हयात नव्हते हे विसरू नका. दोघं असताना एकट्याने परस्पर अर्ज देऊ नये, मग तो बाप असो की आई.

निखिल, बी-३०४: दुपारभर घरात बोललो. मी सुतारचा आग्रह दाखल्यासाठी धरला होता. दाखला नात्यावर मिळतो, तर ते कारण उरत नाही. स्पष्टीकरणं द्यायची माझी तयारी आहे. आईला मीच समजावलं. ती लगेच हो म्हणाली नाही. कुलदैवताला ओवीला घेऊन जायचं आणि तिथे तिला आमच्या घरचीच म्हणायचं, एवढं तिने मागितलं. ते तर होणारच आहे. ठरलं: ओवी मृण्मयी निखिल पाटणकर. मृण्मयीचं नाव आहे तसंच राहील.

कुलकर्णी काकू, ए-१०२: नाव गोड आहे. कानात सांगणार कोण, आत्याच ना? पाळणा सजवायला मी चारला येते.

शिंदे काका, सी-२०१: छान. आता क्रम लिहून घ्या. उद्या दवाखान्याचं पत्र. मग कलम १५ खाली आईच्या नावाची दुरुस्ती, मृण्मयी अशोक पाटणकर, आधारवरच्या स्पेलिंगप्रमाणे. दुरुस्त दाखला हातात आला की त्यावर दोघांची नावं वाचून बघा, आणि मगच ओवीचं पूर्ण नाव द्या. निखिल, येताना तुझ्या जातीच्या दाखल्याची प्रत आण, वडिलांच्या रकान्यातलं नाव त्याच्याशी ताडून बघू. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो, सकाळी नऊनंतर कधीही या.