जुन्या सहकारी मैत्रिणीला वाढदिवसाचा मेसेज: 'तू' की 'तुम्ही'?

मदत हवी आहे. ऐरोलीच्या ऑफिसात जिच्या शेजारी तीन वर्षं बसलो, तिचा परवा वाढदिवस आहे. तेव्हा अगं-तुगं होतं. २०१९ नंतर बोलणं नाही. आता ती बरीच वरच्या पदावर आहे. मला तिच्याकडून काही काम नाही, तसं वाटूही नये.

'तुला' लिहिलं तर सलगी वाटली, 'तुम्हाला' लिहिलं तर रुसल्यासारखं. 'खूप आठवण येते' लगेच खोडलं. 'कशी आहेस?' काढलं, कारण मग तिला उत्तर देणं भाग पडतं. 'अभीष्टचिंतन' तर चौकातल्या फ्लेक्सवर शोभतं!

शेवटी सर्वनामच टाळलं: 'वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा! ऐरोलीच्या कँटीनमधला कटिंग अजून आठवतो. येतं वर्ष आनंदाचं जावो.' खाली माझं पूर्ण नाव, कारण नंबर बदललाय.

मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर, तिला एकटीलाच जाईल. फोन करणार नाही. जुना ग्रुप केव्हाच बंद पडलाय.

कटिंगचं वाक्य ठेवू की तेही जास्त होतंय? आणि सुरुवातीला नुसतं पहिलं नाव लिहिलं, 'मॅडम' किंवा 'जी' न लावता, तर आज चालेल का?