मदत हवी आहे: गिरवलेल्या अंकातला अंतिम अंक कोणता मानावा?

नमस्कार. वजाबाकीच्या कार्यपत्रिका तपासण्यापूर्वी मी प्रत्येक उदाहरणाचे अंतिम उत्तर ठरवून घेते. एका रेघेने खोडून शेजारी नवे उत्तर लिहिले असेल, तर नवे धरते. तिथे अडचण येत नाही. परंतु ५२ − २७ या उदाहरणात एका मुलाने दशकस्थानी २ आणि ३ एकमेकांवर पेन्सिलीने असे गिरवले आहेत, की २५ आधीचे की ३५, हे कळत नाही. वरच्या ५ वर काट मारून ४ लिहिलेला आहे, म्हणजे हातचा घेतलेला दिसतो. मात्र त्यावरून २५ धरले, तर बरोबर उत्तर मीच निवडल्यासारखे होईल, अशी शंका वाटते. अशा वेळी आपण कच्च्या कामाचा आधार घेता, की मुलालाच उत्तर वाचून दाखवायला सांगता?