मदत हवी आहे: गटाच्या तूर डाळीचं लॉन्चिंग, पाहुणे, डेमो, पत्रकार आणि दुकानदार एका दिवसात कसे बसवावेत?

रानवाट_दारव्हा

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आमच्या गावी बायांचा बचत गट आहे. गटाची मिनी डाळमिल आहे, 3 एचपीची मोटर. आजवर लोकांची तूर भरडून देत होतो. आता गटाच्याच नावाने 1 किलो आणि 5 किलोच्या पाकिटात डाळ विकायची आहे. एफएसएसएआयची नोंदणी झाली. पाकिटावर वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, पत्ता आणि फोन हे सगळं छापून आलं आहे.

फेब्रुवारीत, नवीन तूर घरात आली की, समाजमंदिरासमोर छोटा कार्यक्रम करायचा आहे. बजेट पंधरा हजार. यादी मात्र 120 जणांवर गेली: सरपंच, आमदार, बँकेचे साहेब, कृषी विभागाचे लोक, आसपासचे 60 किराणा दुकानदार, मेसवाले, केटरर. हाताशी तूर आहे 10 क्विंटल.

विचारायचं ते असं. यादी कुठे कापू? मशीन चालवून दाखवायची वेळ कोणती ठेवू? पत्रकारांना कधी आणि काय पाठवू? आणि कार्यक्रमानंतर दुकानदारांचा पाठपुरावा कसा करू? गटातल्या बायांनी यात जीव ओतला आहे, म्हणून नीट विचारून राहिली आहे.

पुसदचा_भाऊ

ताई, आमदार साहेबांची तारीख आधी घ्या, बाकी सगळं आपोआप जमते. साहेब आले की पेपरवाले येतातच, वेगळं निमंत्रण लागत नाही. गर्दी पाहून दुकानदारही येतात. आमच्याकडं दूध संकलन केंद्राच्या उद्घाटनाला असंच केलं होतं, चारही पेपरात फोटो आला.

डाळमिल_कारंजा

भाऊंचं अर्धं बरोबर आहे. पेपरवाले येतात, पण बातमी साहेबांची होते. मथळ्यात साहेब, फोटोत फीत आणि कात्री. डाळीचं नाव शेवटच्या ओळीत, तेही जागा उरली तर. दुकानदाराला त्या फोटोतून काहीच कळत नाही.

ताई, मी यादीपासून नाही, तुरीपासून सुरुवात करतो. 10 क्विंटल तुरीची डाळ आपल्या मिनी मिलवर साधारण 7 क्विंटल पडते, म्हणजे 700 किलो. प्रत्येक दुकानदाराने पहिल्या खेपेला 25 किलो जरी घेतली तरी 25 दुकानदारांत 625 किलो संपली. तुम्ही बोलावणार 60. उरलेल्या 35 जणांना "पुढच्या महिन्यात देतो" म्हणावं लागेल, आणि दुकानदार एकदा रिकाम्या हाताने परतला की दुसऱ्यांदा फोन उचलत नाही. म्हणून 25 निवडा, तेही गावापासून एका फेरीत गाडी फिरेल असे.

आता डेमो. डेमोची तारीख ठरली की तिथून पाच दिवस मागे मोजा. तूर आधी रोलरमधून काढून ओरखडायची, क्विंटलला पाव ते अर्धा किलो तेल चोळायचं, रात्रभर ढीग मारून ठेवायचा, मग दोन-तीन दिवस ऊन. त्यानंतर दोन-तीन लिटर पाण्याचा हबका मारून पुन्हा एक रात्र झाकायची, आणि परत एक दिवस उन्हात. हे तुम्ही दरवर्षी करता, पण कार्यक्रमाच्या धावपळीत नेमकं वाळवणच चुकते. मूठभर तूर तळहातावर चोळून पहा. टरफल सुटून दाणा स्वच्छ फुटला तर माल तयार. ओल राहिली तर मशीनमधून गोटा बाहेर येईल, फुटणारच नाही. जास्त वाळली तर तुकडा आणि चुरी वाढेल. दोन्ही गोष्टी दुकानदार लांबूनच ओळखतो. फेब्रुवारीत आपल्याकडं ढग येतात, गारपीटही होते, म्हणून एक पोतं आधीच तयार करून घट्ट बांधून ठेवा.

ताई_मी_आर्णीची

मला पण डाळमिल घ्यायची आहे. गटाला अनुदान किती मिळते, फॉर्म कुठे भरायचा ते कोणी सांगेल का?

डाळमिल_कारंजा

ताई, इथे कार्यक्रमाचं चाललं आहे. तुम्ही तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अन्नप्रक्रिया योजनेची चौकशी करा. मशीन घेण्याआधी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळमिल चालताना जरूर बघा.

रानवाट_दारव्हा

भाऊ, पंचवीसचं पटलं. तूर मी आठवडाभर आधीच तयारीला घेते. लाइनचं काय करू? समाजमंदिराजवळ सकाळी लाइन जाते, कधी किती वाजता ते सांगता येत नाही. मंडपवाला म्हणतो जनरेटर देतो.

डाळमिल_कारंजा

मंडपवाल्याचा जनरेटर दिवे आणि स्पीकरचा असतो. मोटर चालू होताना चालू भारापेक्षा कितीतरी जास्त ओढते. तुमची मोटर थ्री फेजची असेल तर त्याच्या सिंगल फेज जनरेटरवर चालणारच नाही. सिंगल फेजची असली तरी चालू करताना जनरेटर दबतो आणि माईक बंद पडतो. मशीन हलवूच नका. जिथे रोज चालते तिथेच पाहुण्यांना न्या, मंडप तिकडेच घाला. लाइनमनला आठवडाभर आधी भेटून त्या दिवसाचं वेळापत्रक विचारा. मशीन मंडपाच्या आत नको, टरफलाचा भुसा पाहुण्यांच्या ताटात उडतो.

दाखवायचं पंधरा मिनिटं, त्यात 25 किलो तूर. शेजारी दोन सारखे कुकर ठेवा, एकात तुमची डाळ, एकात बाजारातली फटका डाळ. पाणी सारखं, भिजवणं सारखं, शिट्ट्या सारख्या. कोणता कुकर कोणाचा ते झाकण उघडेपर्यंत सांगू नका. हे सकाळी दहाला, मान्यवर यायच्या आधी दुकानदारांसमोर उरका.

किराणा_दिग्रस

मी किराणा दुकानदार आहे, म्हणून सांगून राहिलो. सकाळी दहाला एकही दुकानदार येणार नाही. सकाळी गिऱ्हाईक असते, मालाची गाडी येते. आमची फुरसत दुपारी दोन ते चार. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी तर नावच काढू नका. अडीचला बोलवा, साडेतीनला सोडा.

आणि भाषणं नकोत. मला तीन गोष्टी पाहिजे: भाव, पुढची खेप कधी, आणि माल खराब निघाला तर कोण बदलून देईल. या तिन्हींची एक छापील चिठ्ठी हातात द्या. सोबत 250 ग्रॅमचं पाकीट द्या, घरी शिजवून बघतो. माझ्या बायकोनं होकार दिला की माल दुकानात लागतो.

बातमीदार_नेर

मी तालुक्याचं वार्तांकन करतो. ताई, आमच्या जिल्हा पानाचा मजकूर साधारण संध्याकाळी पाचच्या आत जातो. तुमचा कार्यक्रम साडेतीनला संपला आणि प्रेसनोट रात्री आठला आली तर ती दुसऱ्या दिवशीच्या ढिगात जाते. म्हणून प्रेसनोट आदल्या दिवशीच लिहून ठेवा. दीडशे-दोनशे शब्द पुरेत. पहिल्याच वाक्यात गावाचं नाव, गटाचं नाव, काय बाजारात आलं आणि कुठे मिळेल हे आलं पाहिजे. मान्यवरांची नावं शेवटी. त्या दिवशी फक्त फोटो जोडायचा.

फोटोत फीत नको. बाईच्या ओंजळीतून डाळ पडते आहे, मागे मशीन चालू आहे, असा आडवा फोटो काढा. फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहून पाठवा, नाहीतर नावं चुकतात आणि तुमच्याच गावात भांडण लागते. लोकमत, देशोन्नती, सकाळ, पुण्यनगरी यांच्या तालुका प्रतिनिधींना वेगवेगळा फोन करा, ग्रुपवर टाकून विसरू नका. निमंत्रण चार दिवस आधी, आठवण आदल्या दिवशी संध्याकाळी. आणखी एक: कोणी बातमीच्या बदल्यात जाहिरात मागितली तर आत्ताच ठरवून ठेवा की देणार की नाही. पंधरा हजारात एक मोठी जाहिरात बसत नाही, असं माझं मत.

पुसदचा_भाऊ

म्हणजे साहेबांना बोलवायचंच नाही का? गावात राहून हे जमते का बाप्पा? पुढे रस्ता, लाइन, सगळं त्यांच्याकडेच मागायचं आहे.

बातमीदार_नेर

बोलवा ना. पण वेगळ्या वेळी. अकराला साहेब, सरपंच, बँक, अधिकारी आणि पत्रकार. साहेब दोन तास उशिरा आले तरी अडीचच्या दुकानदारांना धक्का लागत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली नाही ना, तेवढं तारीख छापण्याआधी तहसीलमध्ये विचारून घ्या.

हळदवाली_वाशीम

आमची हळद पावडर. कार्यक्रम झकास झाला होता, पण खरी विक्री नंतरच्या वहीतून आली. मोठी वही घ्या. पानावर दुकानाचं नाव, फोन, सध्या महिन्याला किती डाळ जाते, कोणत्या भावाने घेतात, उधारी किती दिवसांची. हे त्याच दिवशी, गटातली एक बाई समोर बसवून लिहा. नंतर फोनवर कोणी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन करायचा, आणि विचारायचं "डाळ शिजवून पाहिली का?" एवढंच. "माल घेता का?" असं पहिल्या फोनला विचारलं की माणूस टाळतो. फोन एकाच बाईने करायचे, म्हणजे आवाज ओळखीचा होतो.

रानवाट_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलं: कार्यक्रम मिलजवळच, अकराला मान्यवर आणि पत्रकार, जेवण, मग अडीचला 25 दुकानदार आणि मेसवाले, त्यांच्यासमोर मशीन पुन्हा चालवायची. वही आणि फोन माझ्या जावेकडे, तिचा आवाज गोड आहे आणि हिशेबात ती पक्की आहे.

अडकलं ते भावात. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8000 रुपये. त्या भावाने 70 किलो डाळीला तुरीचेच 114 रुपये किलो पडतात. टरफल-चुनी गुरांसाठी विकून किलोमागे सात-आठ रुपये सुटतात. मजुरी, तेल, पाकीट, गाडी धरून गटाला 125 च्या खाली परवडत नाही. दुकानदार पंधरा दिवस उधारी मागतील. 700 किलोची उधारी दिली तर पुढची तूर घ्यायला पैसा उरत नाही.

किराणा_दिग्रस

ताई, उधारीशिवाय नवीन माल कोणी ठेवत नाही. पंधरा दिवस तर लागतेच.

डाळमिल_कारंजा

मी रोखीच्या बाजूने आहे. पहिल्या खेपेला 25 किलोऐवजी 10 किलो द्या, पण रोख. दहा किलोचे पैसे कोणाला जड जात नाहीत. मग हातात पैसा राहतो आणि कोणाच्या दुकानात माल खरंच हलतो तेही कळते.

किराणा_दिग्रस

दहा किलो रोख... मी घेईन कदाचित. पण माझ्या शेजारचा घेणार नाही, त्याचं सगळंच उधारीवर चालते.

रानवाट_दारव्हा

शनिवारी गटाची बैठक आहे, तिथे दोन्ही मांडते. दिग्रसचे भाऊ, तुमच्या दुकानाचा पत्ता मेसेजमध्ये पाठवा. 250 ग्रॅमचं पाकीट कार्यक्रमाआधीच पोचवते, वहिनींनी शिजवून काय ते स्पष्ट सांगावं.