नवीन चष्मा, कपाळदुखी आणि नानांचे पंधरा दिवस

[सोमवार, रात्र. टिळकवाडीतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप]

शैला काकू, बी-२०२: कुणी जागं हाय काय? नवीन चष्मा घालून आज नववा दिवस. संध्याकाळ झाली की कपाळ नुसतं ठणकूलालंय. दुकानदार म्हणतो सवय होईल. किती दिवस सवय करायची म्हणे?

नाना, ए-३०१: पंधरा दिवस घाला. न काढता. आपोआप सवय होते.

मीनल, बी-४०१: काकू, तो एकातच दूरचं आणि जवळचं दिसणारा घेतलात ना? माझ्या सासूबाईंनी महिन्यात कपाटात टाकला.

शैला काकू, बी-२०२: तोच. प्रोग्रेसिव्ह. आधी फक्त वाचायचा साधा होता. पैसे मोजून दुखणं विकत घेतलं बघ. पहिले तीन दिवस तर जिना उतरताना पायरी वर यायची.

प्रकाश, ए-२०३: जिना उतरायची वेळ का आली, तेही विचारा. लिफ्ट कधी सुरू होणार, सेक्रेटरी साहेब?

सेक्रेटरी: प्रकाशराव, लिफ्टचा विषय गुरुवारच्या मीटिंगमध्ये. इथे काकूंच्या तब्येतीचं चाललंय.

प्रकाश, ए-२०३: मेंटेनन्स मात्र वेळेवर मागता.

नाना, ए-३०१: पंधरा दिवस घाला. सवय होते.

विनायक, ए-१०४: काकू, मी आत्ताच दुकानातून आलो. बारा वर्षं काऊंटरवर हेच करतोय, म्हणून नीट विचारतो. जिन्याचं ते अजून होतं?

शैला काकू, बी-२०२: नाही रे. ते चार-पाच दिवसांत गेलं. आता मान खाली घालून उतरते, पायरी नीट दिसते.

विनायक, ए-१०४: बरं. मग कपाळ कधी दुखतं? उठल्यापासून की काही केल्यावर?

शैला काकू, बी-२०२: सकाळी काही नसतं. तरुण भारत वाचून झाला की सुरू. दुपारी मोबाईल बघितला की वाढतं. मानही भरून येते मागून. तीन दिवसांपासून जास्तच.

विनायक, ए-१०४: काकू, ही दोन वेगळी दुखणी आहेत. जिना हलणं, कडेचं अंधुक दिसणं ही सवयीची गोष्ट. या काचेत वर दूरचा नंबर, खाली जवळचा, मधे हळूहळू बदलत जातो, आणि कडेला थोडं विरूप दिसणारच. मेंदूला त्याची ओळख व्हायला साधारण एक-दोन आठवडे लागतात, काहींना थोडे जास्त. पण ते रोज कमी व्हायला पाहिजे. तुमचं जिन्याचं झालं तसं. वाचतानाचं मात्र वाढत चाललंय. वाढणारं दुखणं सवयीने जात नाही.

नाना, ए-३०१: मी म्हणतोय तेच. पंधरा दिवस घाला.

विनायक, ए-१०४: नाना, तुमचंही अर्धं बरोबर आहे. काढ-घाल केली तर सवय व्हायला उशीर होतो. पण दिवस मोजण्यापेक्षा दुखणं उतरतंय की चढतंय ते बघायचं. काकू, आत्ता पेपर हातात घ्या. वाचताना हनुवटी वर उचलावी लागते का?

शैला काकू, बी-२०२: थांब, बघते.

शैला काकू, बी-२०२: होय की! कोंबडीनं पाणी पिऊन मान वर करावी तशी. माझं लक्षच नव्हतं.

मीनल, बी-४०१: 😄 काकू, उदाहरण पण असं देता!

विनायक, ए-१०४: आता हनुवटी सरळ ठेवा आणि दोन बोटांनी फ्रेम थोडीशी वर उचलून धरा. तीन-चार मिलिमीटर, जास्त नको. अक्षरं साफ होतात?

शैला काकू, बी-२०२: अगदी ठळक. बारीक जाहिरातही वाचली.

विनायक, ए-१०४: मग नंबर बहुधा बरोबर आहे, काच फ्रेममध्ये खाली बसवली गेलीय. वाचायचा भाग तुमच्या बुबुळापासून जास्त खाली राहतो, म्हणून तिथे पोचायला तुम्ही दिवसभर हनुवटी वर धरता. मान त्यामुळे, आणि डोळ्यांवर ताण येऊन कपाळ. उद्या सकाळी येतो, मोजून बघू.

प्रकाश, ए-२०३: दुकान कुठलं ते सांगा, सगळे सावध होतील.

शैला काकू, बी-२०२: नाव नको. पोरगं नवीन होतं बिचारं. गर्दीत माप घेतलं.

[मंगळवार, सकाळ]

विनायक, ए-१०४: काकूंच्या घरून लिहितोय, कारण विचारणारे बरेच आहेत. काकूंना माझ्यासमोर, डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीला येतील असं बसवलं. त्या सरळ माझ्या डोळ्यात बघत असताना काचेवर बुबुळाच्या बरोबर समोर स्केच पेनने एक ठिपका दिला. मग उजेडात काच फिरवून कंपनीच्या कोरलेल्या बारीक खुणा शोधल्या. दोन असतात, आडव्या रेषेत, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. त्यावरून कंपनीच्या तक्त्याने बुबुळाच्या बरोबर समोर यायला हवी ती जागा निघते. ती ठिपक्यापासून ४ मिलिमीटर खाली निघाली.

शैला काकू, बी-२०२: त्याने दाखवलं तेव्हा मलाही दिसलं. ठिपका वर, खूण खाली.

विनायक, ए-१०४: नोज पॅड जवळ आणले की फ्रेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर सरकते, ते केलं. बाकीचं ओढून-ताणून होणार नाही, काच नव्याने करावी लागेल. काकू, दुकानात भांडू नका. ‘फिटिंग हाइट पुन्हा घ्या, माझ्यावर फ्रेम घालून घ्या’ एवढंच सांगा. आणि मशीनवर चष्म्याचा नंबर कागदाशी ताडून मागा. तोवर पेपर जुन्या चष्म्याने वाचा.

नाना, ए-३०१: पंधरा दिवस व्हायच्या आधीच जायचं का? माझं तर यंदा तीनदा नंबर बदलला. प्रत्येक वेळी डोकं दुखतंच.

विनायक, ए-१०४: नाना, नंबर काढला तेव्हा शुगर किती होती?

नाना, ए-३०१: तो विषय इथे कशाला.

मीनल, बी-४०१: नाना, काकींनी मला सांगितलंय. तीनशेच्या पुढे होती.

नाना, ए-३०१: काकींना ग्रुपवर घेतलंच कुणी?

विनायक, ए-१०४: रागावू नका. शुगर अशी वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग थोडं फुगतं नाहीतर ओसरतं आणि नंबर हलतो. मग आज काढलेला नंबर महिन्याने चुकीचा ठरतो. त्या चष्म्याची सवय कितीही दिवस केली तरी होणार नाही. आधी शुगर काही आठवडे स्थिर राहू दे, मग नंबर. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदाही तपासून घ्या.

प्रकाश, ए-२०३: एक विचारतो. लहान भावाला दोन-दोन दिसतंय, नवीन चष्म्यापासून. तेही सवयीचं?

विनायक, ए-१०४: नाही. एक डोळा झाकल्यावर दोन दिसायचं थांबतं का ते बघा, आणि थांबलं तरी वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. दोन काचांच्या मधलं अंतर चुकलं असेल तरी असं होतं, पण दुसरी कारणंही असतात. डोळा लाल, सपाटून दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडी आणि उलटी असं एकत्र आलं तर चष्म्याचा विचार बाजूला ठेवा, त्याच दिवशी दवाखाना.

प्रकाश, ए-२०३: उद्याच नेतो. थँक्यू.

[पुढच्या आठवड्यातला शनिवार]

शैला काकू, बी-२०२: दुकानदारांनी माप परत घेतलं, काच बदलून दिली, वेगळे पैसे नाहीत घेतले. आज चौथा दिवस. पहिल्या दिवशी परत जिना जरा हलला. पेपर हनुवटी न उचलता वाचला, मान हलकी. कपाळ काल संध्याकाळी दहा मिनिटं दुखलं, आज नाही.

विनायक, ए-१०४: हे उतरणं आहे काकू. आता नानांचे पंधरा दिवस पाळा.

नाना, ए-३०१: मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो. आणि माझी शुगर आज १६२.

सेक्रेटरी: लिफ्टवाला सोमवारी अकरा वाजता येणार आहे. कृपया कुणीतरी घरी थांबावे 🙏