मदत हवी आहे: पेनड्राइव्हवर हलवलेल्या लांब क्लिप्स चालत नाहीत, आणि फोन तर रिकामा केला

खाडीकाठची
नमस्कार. मी बेलापूरला राहते. दिवाळे गावात माझे मोठे काका अजून हाताने पाग, म्हणजे मासे पकडायचं फेकजाळं, विणतात. पुढे कोणी शिकेल असं दिसत नाही, म्हणून तीन महिने दर सुट्टीला जाऊन फोनवर त्यांचं काम शूट करतेय. फोन अँड्रॉइड, १२८ जीबी, रेकॉर्डिंग ४के. दहा मिनिटांची क्लिप साधारण ३.६ जीबीची होते, त्यामुळे एका सकाळीच फोन "जागा नाही" म्हणतो.

दर वेळी घरी आल्यावर ओटीजी पेनड्राइव्ह लावून सगळ्या क्लिप्स 'मूव्ह' करते आणि गॅलरीत जे उरलं असेल ते सिलेक्ट ऑल करून डिलीट करते. आज एडिटिंगला बसले तर तीन क्लिप्स चालतच नाहीत. तिन्ही लांब आहेत, १३, १४ आणि १६ मिनिटांच्या. बाकी साठेक क्लिप्स व्यवस्थित चालतात. पेनड्राइव्ह खराब झाला का? दुसरा आणून त्यावर रिकव्हरी करू का? आणि पुढे फाइल्स नीट कशा ठेवायच्या तेही सांगा.

घोडबंदर_९५
माझंही तेच. व्हॉट्सअ‍ॅपच १८ जीबी खातंय. सोसायटीच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंग व्हिडिओ काढले की बरीच जागा मोकळी होते. सेटिंगमध्ये Manage storage बघा.

खाडीकाठची
दादा, व्हॉट्सअ‍ॅप मी आधीच साफ केलंय. प्रश्न चालत नसलेल्या तीन क्लिप्सचा आहे.

कळव्याचा_मंदार
गुगल फोटोजमध्ये बॅकअप लावा आणि मग Free up space दाबा. फोनमधलं जातं, ढगात राहतं. पेनड्राइव्हचा खटाटोपच नको.

सानपाडा_एडिट
थांबा ताई, आधी हे करा: पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, आणि फोनमधल्या गॅलरीचा Trash आणि फाइल मॅनेजरचा Trash, दोन्ही उघडून बघा. गॅलरीतून डिलीट केलेलं बहुतेक फोनमध्ये ३० दिवस तिथे पडून असतं. असेल तर आत्ताच Restore करा, बाकी बोलू नंतर.

पेनड्राइव्ह खराब नाही असं मला वाटतं. लॅपटॉपला लावून Properties मध्ये File system काय दिसतं ते सांगा. त्या तीन फाइल्सचा आकारही बघा, तिन्हींचा एकसारखाच चार जीबी दिसेल.

खाडीकाठची
FAT32 आहे! आणि हो, तिन्ही फाइल्स ४.०० जीबी. तुम्हाला कसं कळलं?
Trash मध्ये गेल्या रविवारच्या दोन्ही सापडल्या, १३ आणि १६ मिनिटांच्या. दोन्ही Restore केल्या, चालतायत. खूप खूप आभार. १४ मिनिटांची नाही. ती दसऱ्याच्या सुमाराची होती.

सानपाडा_एडिट
तुमच्या आकड्यांवरूनच. FAT32 वर एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही. तुमच्या फोनवर मिनिटाला ३६० एमबी, म्हणजे बारा मिनिटांच्या जरा आत भिंत लागते. त्याहून छोट्या सगळ्या गेल्या, मोठ्या तीन तिथेच अडकल्या. मूव्ह अर्धवट राहिलं म्हणून मूळ क्लिप फोनमध्येच उरली होती. ती तुम्ही "उरलेलं" समजून डिलीट केलीत. त्या वेळी वर एखादं नोटिफिकेशन येऊन गेलं असणार.

मी लग्नांचं एडिटिंग करतो. मूव्ह कधीच करत नाही, आधी कॉपी. मग फोनवर आणि ड्राइव्हवर फाइल्सची संख्या आणि प्रत्येक मोठ्या फाइलचा आकार जुळतो का बघायचं. सगळ्यात लांब क्लिप ड्राइव्हवरून उघडून शेवटच्या मिनिटाला ओढून पाहायची, कारण तुटलेली फाइल शेवटाशीच तुटते. मग त्याची दुसरी प्रत लॅपटॉपवर. दोन ठिकाणी दिसली की मगच फोनमधून डिलीट, आणि डिलीट केल्यावर Trash रिकामा करायचा, नाहीतर जागा मोकळी होतच नाही.

पेनड्राइव्हवरचं सगळं लॅपटॉपवर घेतलंत की तो exFAT ने फॉरमॅट करा. तुमचा फोन exFAT वाचतो का हे एका क्लिपवर आधी तपासा, काही जुने फोन वाचत नाहीत. काढताना आधी Unmount करा, नुसता ओढू नका.

मंदार, Free up space वाईट नाही. पण बॅकअप Storage saver वर असेल तर ४के क्लिप १०८० वर येते, आणि मूळ मग कुठेच राहत नाही. Original quality ठेवली तर फुकटचे १५ जीबी ताईंच्या एका सकाळीला पुरणार नाहीत.

कळव्याचा_मंदार
हे खरंच माहीत नव्हतं. माझ्या मुलीच्या बारशाचे व्हिडिओ Storage saver वरच गेलेत. आता मूळ परत मिळतील का?

सानपाडा_एडिट
फोनमधून गेले असतील तर नाही.

खाडीकाठची
१४ मिनिटांच्या क्लिपमध्ये काका पागाच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवतायत. तेच काम सगळ्यात महत्त्वाचं आहे. रिकव्हरी अ‍ॅप टाकून बघू?

सानपाडा_एडिट
फोनवर नको. आताच्या फोनची मेमरी एन्क्रिप्टेड असते, Trash मधूनही गेलेलं ही अ‍ॅप्स आणू शकत नाहीत. पण पेनड्राइव्हवरच्या चार जीबीत चित्र आहे. फोन एमपी४ ची अनुक्रमणिका सहसा फाइलच्या शेवटी लिहितो. ते शेपूट पोचलंच नाही, म्हणून प्लेअरला कुठून काय वाचायचं कळत नाही. त्याच फोनची एक चांगली क्लिप दाखवली तर untrunc हा प्रोग्राम अनुक्रमणिका नव्याने बांधतो. लॅपटॉपवर, आणि तुटलेल्या फाइलच्या प्रतीवरच:

```
untrunc changli.mp4 tutleli.mp4
```

शेवटची दोनेक मिनिटं मात्र मिळणार नाहीत, ती पेनड्राइव्हवर लिहिलीच गेली नाहीत.

ऐरोली_नीता
फोल्डरबद्दल मी सांगते. मी भाज्यांचे व्हिडिओ करते. प्रत्येक क्लिपला नाव देते, "कांदा चिरताना" वगैरे. शोधायला सोपं जातं.

सानपाडा_एडिट
नीताताई, एडिटिंग सुरू करण्याआधी नाव दिलंत तर चालतं. एडिटिंगचा प्रोजेक्ट फाइलचा पत्ता लक्षात ठेवतो, नंतर नाव बदललं किंवा फाइल हलवली की टाइमलाइनवर "मीडिया सापडत नाही" येतं. मी तर कॅमेऱ्याने दिलेलं नाव बदलतच नाही, फोनशी जुळवून बघायला तेच लागतं. नाव फक्त फोल्डरला: `2025-12-07_divale_paag`. आत `raw`, `awaz`, `edit`. raw मध्ये काही बदलायचं नाही. त्याच रात्री वहीत लिहितो: क्लिपचे शेवटचे चार आकडे, काय आहे, कामाची की नाही. जे हलवायचं ते हलवून झालं की मगच एडिटिंगचं अ‍ॅप उघडतो.

ऐरोली_नीता
मला मात्र वही जमत नाही. क्लिपला नाव असलं की हात लगेच पोचतो. आधी देत जाईन.

खाडीकाठची
अपडेट: फाइल उघडली! पावणेबारा मिनिटं दिसतायत, काकांची बोटं स्वच्छ दिसतात. पण साधारण चौथ्या मिनिटापासून आवाज चित्राच्या मागे पडत जातो. काका बोलतात एक, हात करतो दुसरं.

सानपाडा_एडिट
नमुन्याची क्लिप कोणती दिलीत? तीही ४के, तेवढ्याच फ्रेमरेटची आणि त्याच अ‍ॅपने काढलेली होती ना?

खाडीकाठची
नाही, १०८० ची एक छोटी क्लिप दिली होती. आज रात्री ४के ची देऊन पुन्हा चालवते. त्याने आवाज जुळेल का?

सानपाडा_एडिट
जुळू शकतो, खात्री देत नाही. नाही जुळला तर आवाज वेगळा काढून टप्प्याटप्प्याने सरकवावा लागेल. वेळखाऊ आहे, पण पावणेबारा मिनिटांसाठी करता येईल.

खाडीकाठची
करीन. राहिलेल्या दोन मिनिटांचं काकांना विचारलं. नवा पाग अर्ध्यावर आलाय, शिसं ओवायची वेळ आली की फोन करतो म्हणाले. तोवर पेनड्राइव्ह exFAT केलेला असेल.