परिपाठात डाउनलोडवर पाच मिनिटं बोलायचंय, तुमच्या घरचे अनुभव सांगा

मास्तरीणबाई

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाचवी ते आठवीला शिकवते. शनिवारच्या परिपाठात दिनविशेष आणि बोधकथा यांच्यामध्ये मला पाच मिनिटं मिळाली आहेत. मोबाइलवर काय उतरवून घ्यायचं, कसं घ्यायचं आणि ज्यानं ते बनवलं त्याचा मान कसा राखायचा, यावर बोलायचंय. "अनोळखी लिंक उघडू नका" म्हटलं की पोरं एका सुरात "हो मॅडम" म्हणतात आणि दुपारच्या सुट्टीत तेच करतात. आमच्याकडे बहुतेक घरात चांगला फोन एकच, तो बाबांचा. त्यातच बँक, त्यातच गेम. म्हणून उपदेश नको, घडलेलं सांगा.

कपाशीवाला

मॅडम, माह्याच घरचं घ्या. कापसाचा चुकारा जमा झाला होता, खात्यात बावन्न हजार होते. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. पाठवनारा सख्खा मावसभाऊ, मंग शंका काऊन येईल? पोरगा सातवीत. त्यानं पत्रिकेवर बोट ठेवलं तं फोननं अडवलं, का व्हॉट्सॲपवरून ॲप टाकाची परवानगी नाही. पोट्ट्यानं सेटिंगमधी जाऊन ते बटन चालू केलं. गेम टाकू टाकू हात बसलेलाच होता त्याचा. मंग फोननं आनखी एकदा सांगतलं का हे धोक्याचं असू शकते. त्यानं 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं. मंग त्या ॲपनं मेसेज वाचाची परवानगी मांगतली, तेबी देली. पत्रिका काही उघडली नाही. पोट्टा म्हने, बाबा नेट स्लो हाय.

रात्री साडेनऊले साळ्याचा फोन आला, "भाऊजी, कोनाचं लगन हाय?" म्या तं कोनालेच काही पाठवलं नोतं. सकाळी पाह्यलं तं पंचवीस-पंचवीस हजार दोन खेपेत गेले. ओटीपी आले असतीन, पन मले एकबी दिसला नाही. पोरगा दोन दिवस जेवला नाही राजेहो. म्या त्याले काही बोललो नाही, पन पोराले समजतेच ना.

सेतूवाला

माझं सेवा केंद्र आहे आणि बाजूला मोबाइल दुरुस्ती. अशी 'पत्रिका' घेऊन लोक माझ्याकडे येत असतात, कधी ती गाडीचं चलान असते, कधी किसान योजनेची यादी.

मॅडम, पोरांना फक्त एक गोष्ट पाहायला शिकवा: फाइलच्या नावातलं शेवटचं टिंब आणि त्यानंतरची अक्षरं. फोटोला `.jpg`, कागदाला `.pdf`. पत्रिका असेल तर यांपैकी काहीतरी, नाहीतर व्हिडिओ. शेवटी `.apk` असेल तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. `Lagna_Patrika.pdf.apk` असं नाव देऊन फसवतात, मधलं pdf वाचून माणूस निर्धास्त होतो. फळ्यावर हे एकच नाव लिहा आणि विचारा, हे काय आहे? अर्धा वर्ग चुकतो, मी माझ्या भाच्यांवर करून पाहिलंय.

कपाशीवाले भाऊ, तुमच्या मावसभावानं पत्रिका पाठवलीच नसणार. मेसेज वाचायची परवानगी मिळाली की ते ॲप ओटीपी परस्पर चोराकडे पाठवतं आणि तुमच्या डोळ्यांपासून लपवतं. व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू करायलासुद्धा मेसेजनं येणारा सहा आकडी कोडच लागतो. तो मिळाला की चोर तुमच्या नावानं सगळ्या सोयऱ्यांना तीच पत्रिका वाटतो. म्हणून 'ओळखीच्यानं पाठवलं' याला इथं काही अर्थ राहत नाही.

असं झालं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं तेही सांगा. फोन विमान मोडवर टाका, वायफाय बंद आहे ना ते बघा. सिम काढून साध्या बटनाच्या फोनात घाला, म्हणजे बँकेचे मेसेज तुमच्याकडेच येतील. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर लावा, तक्रार `cybercrime.gov.in` वरही करता येते. ॲप काढायचं काम त्यानंतर. त्याचं चिन्ह बहुतेकदा गायब झालेलं असतं, ते सेटिंगमधल्या ॲप्सच्या यादीत सापडतं. 'अनइन्स्टॉल' दबत नसेल तर त्यानं स्वतःला फोनचं प्रशासक करून घेतलंय, तो अधिकार आधी काढावा लागतो. माझं म्हणाल तर मी फोटो वगैरे बाजूला काढून सरळ फोन रिसेट करतो.

कपाशीवाला

1930 ले सकाळी आठले लावला. पंचवीस हजार कुठल्यातरी खात्यात अडकवून ठेवले म्हनते, दुसरे पंचवीस तवरच निघून गेलते. अडकलेले अजून हाती आले नाहीत, कागद सुरू हायेत. रात्रीच साळ्याचा फोन आला तवाच लावाले पायजे होता.

बारावी_ब

मी चार वर्षं मॉड गेम टाकतोय, काही झालं नाही. नियम सोपा आहे: प्ले स्टोअरवरचं सगळं सुरक्षित, बाहेरचं जरा बघून टाकायचं. आणि मॉड म्हणजे तोच गेम असतो, फक्त नाणी फुकट.

सेतूवाला

अर्धं बरोबर. प्ले स्टोअरवर तपासणी असते, पण तिथंही खोटी कर्ज देणारी ॲप्स निघाली आणि नंतर काढावी लागली. त्यामुळे 'सगळं' म्हणू नकोस.

आणि मॉड 'तोच गेम' नसतो. एक करून बघ. मूळ गेम फोनमध्ये असताना त्याच नावाचा मॉड वरून टाकायला जा. फोन 'ॲप इन्स्टॉल झाले नाही' म्हणतो, मूळ गेम काढल्याशिवाय मॉड बसत नाही. ॲप बनवणारा त्यावर स्वतःची डिजिटल सही करतो. कुणी आत हात घातला की ती सही मोडते, मग मॉडवाला आपली सही ठोकतो. फोन दोन्ही सह्या जुळवून बघतो आणि जुळल्या नाहीत की नकार देतो. फुकट नाणी घालणाऱ्यानं आणखी काय घातलं, ते तुला कळायला मार्ग नाही. तुझं चार वर्षांत काही गेलं नाही, कारण तुझ्या फोनमध्ये बँक नाही. बाबांच्या फोनात असते.

बारावी_ब

सही जुळत नाही हे खरंय, मला ते प्रत्येक वेळी डिलीट करावं लागतं. मला वाटायचं स्टोरेज भरलंय.

वडसेकर

सहीवरून आठवलं म्हणून लिहितो, विषय सोडून वाटलं तर सांगा. मी झाडीपट्टीत नाटकं लिहितो. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत चालतो. मंडईची जत्रा भरते त्या गावात रात्री पडदा उघडतो, तो पहाटेपर्यंत. एका हंगामात माझ्या नव्या नाटकाचा दुसराच प्रयोग पुढच्या रांगेतल्या एका पोरानं पूर्ण उतरवला आणि चॅनलवर टाकला. शीर्षक काय, तर 'झाडीपट्टीचं जबरदस्त नाटक, हसून हसून पोट दुखेल'. लेखकाचं नाव नाही, कंपनीचं नाही, कलाकारांचं नाही. पंधरा दिवसांनी एका गावच्या मंडळानं प्रयोग ठरवता ठरवता हात आखडला. म्हणाले, "पोरांनी मोबाइलात पाहून टाकलं, आता तिकीट कोण काढेल?"

तो पोरगा वाईट नव्हता. मी फोन केला तर म्हणाला, "काका, मी तर तुमची जाहिरात केली." त्याला खरंच तसं वाटत होतं. व्हिडिओ त्यानं चॅनलवरून काढून टाकला, पण तोवर लोकांनी तो दहा ग्रुपांवर उतरवून ठेवला होता. ते काही परत येत नाही.

शंकेखोर

वाईट वाटलं, पण तुम्ही नाटकाची नोंदणी केली होती का? नोंदणी नसेल तर कॉपीराइट लागू होत नाही. आणि शाळेत तर सगळंच चालतं, शिक्षणासाठी सूट आहे.

ग्रंथपाल (निवृत्त, अमरावती)

नोंदणीचं चुकलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं की हक्क आपोआप येतो. नोंदणी भांडणात पुरावा म्हणून कामी येते, एवढंच. नाव लावून घेण्याचा लेखकाचा हक्क तर वेगळाच आहे, त्यानं पैशाचे हक्क विकले तरी तो उरतो. वडसेकरांच्या बाबतीत नाव गाळलं, ही निराळी तक्रार झाली.

शाळेचं अर्धं बरोबर आहे. शिकवता-शिकवता कविता फळ्यावर लिहिली, धड्याची प्रत काढली, याला कायद्यात वाट ठेवलेली आहे. स्नेहसंमेलनात पालकांसमोर नाटक केलं तर तेही बसतं. पण त्याच नाटकाचं चित्रण शाळेच्या चॅनलवर टाकलं की प्रेक्षक पालक राहत नाहीत, जग होतं.

वाचनालयात हटकून येणारा एक प्रश्न सांगतो. "तुकडोजी महाराजांचं लेखन तर सगळ्यांचं, त्याला कसला कॉपीराइट?" लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं 2011 पासून मोकळं आहे. तुकडोजी महाराज 1968 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीतल्या लेखनाची मुदत 2028 च्या अखेरीपर्यंत येते. भजन म्हणायला कोणी अडवत नाही, पण पुस्तकाची आख्खी प्रत वाटण्याआधी प्रकाशकाला विचारावं.

सातबारा

मला सातबारा उतरवून घ्यायचाय, कोणतं ॲप टाकू? इथं जाणकार दिसतात म्हणून विचारतो.

सेतूवाला

दादा, त्याला ॲप टाकायचं कामच नाही. सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. पत्ता वाचताना `https://` सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ `/` येते तिच्या आधीचा शेवट बघा, तो टिंबासकट `.gov.in` असला पाहिजे. `gov.in` च्या पुढे टिंब देऊन आणखी काही असेल तर बंद करा. आणि बघा, इथंही सहीच आली.

मास्तरीणबाई

शनिवार झाला. पाच मिनिटांची अकरा झाली, बोधकथा गेली. फळ्यावर `Lagna_Patrika.pdf.apk` लिहिलं आणि हात वर करायला सांगितले. 'पत्रिका' म्हणून एकवीस हात, 'ॲप' म्हणून नऊ, आणि सहावीतली एक म्हणाली, "मॅडम, ही दोन फाइली चिकटवलेली आहे." कपाशीवाल्या भाऊंची गोष्ट नाव न घेता सांगितली. 'तरीही इन्स्टॉल करा' या शब्दांवर मागच्या रांगेत तिघं एकमेकांकडे बघून हसले, तेव्हा कळलं की बटन ओळखीचं आहे.

मग वडसेकरांचं सांगितलं. या वेळच्या भित्तिपत्रकासाठी पोरांनी नेटवरून उतरवलेले वाघाचे फोटो लावले होते. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यात छायाचित्रकाराचं नाव होतं आणि ते कुणीतरी कात्रीनं नीट कापलं होतं. कापणारा उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, ते फोटोवर घाण दिसत होतं." सगळे हसले, मीही हसले. आता प्रत्येक चित्राखाली 'कोणी काढलं, कुठून घेतलं' अशी ओळ लिहायची असं ठरलंय. अकरा चित्रांपैकी सात सापडली.

उरलेल्या चारांचं काय करायचं ते कळत नाहीये. व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आलेली आहेत. आठवीतला एक म्हणाला, त्यांच्याखाली 'माहीत नाही' लिहू. दुसरी म्हणाली, माहीत नाही तर लावायचीच कशाला. सोमवारी पुन्हा बसणार आहेत. ग्रंथपालकाका, तुम्ही काय केलं असतं?