विषय: Re: Re: पाणी पाहणी – २२० घरांतून ६० काढताना घरं पुन्हा येताहेत (तातडीचं)

भूषण:
मंडळी, शनिवारी पोरं फॉर्म घेऊन गावात निघणार आहेत आणि यादी अडकली आहे. घरं २२०, फॉर्म ६०. भागाकार ३.६७ आला, म्हणून जवळचा पूर्णांक ४ धरला. १ ते २२० मधली चिठ्ठी काढली, १३७ निघाली. तिथून दर चौथं घर, २२० संपलं की परत १ कडून पुढे. ५५ घरं नीट निघाली आणि छप्पन्नावं पुन्हा १३७. मग १४१, १४५, १४९, १५३. सगळी आधीच घेतलेली. उरलेली पाच घरं कुठून घेऊ? शेजारची घेतली तर चालेल का?

सुनंदाताई:
भूषण, घरं दोनदा येणारच, मी मागच्या वर्षीच सांगितलं होतं. यादी रेशन कार्डावरून केली की एका चुलीची दोन घरं होतात. आमच्या थोरल्या दिरांचं आणि धाकट्याचं कार्ड वेगळं आहे, पण भाकरी एकाच चुलीवर होते. माझ्या नणंदेने दारोदार फिरून चुली मोजल्या, तीच यादी धरा. परस्पर दुसरी करू नका.

नंदूभाऊ:
४ धरून घोळ झालाय, ३ धर. १ ते ३ मधली चिठ्ठी काढ, दर तिसरं घर घे, ६० झाली की थांब. एकही घर दोनदा येणार नाही. गोल फिरायची भानगडच नको. आमच्या प्लांटमध्ये माल तपासताना आम्ही असंच करतो.

विलासदादा:
फॉर्म ६० छापून झालेत आणि देणगीदारांना ६० घरं कळवली आहेत. पण ५५ वर थांबलं तर काय बिघडतं? त्या पाच फॉर्मांसाठी अख्खी लिस्ट कशाला जागवायची?

चौधरी सर:
ताई, यादी तुमच्या नणंदबाईंचीच आहे आणि चांगली आहे. भूषणची अडचण वेगळी आहे. घर यादीत एकदाच आहे, मोजणी फिरून पुन्हा त्याच्यावर येते.

तसं का होतं ते सांगतो. २२० आणि ४ यांचा मसावि ४. २२० ला त्याने भागलं की ५५. म्हणजे चार-चारच्या उड्या मारत ५५ उड्यांत तुम्ही सुटलात तिथेच परत येता. ५५ हे ६० पेक्षा कमी, म्हणून पुनरावृत्ती अटळ. हा हिशोब चिठ्ठी काढण्याआधीच करता येतो: यादीच्या आकड्याला मसाविने भागून आलेली संख्या हव्या असलेल्या घरांपेक्षा कमी भरली, तर ते अंतर टाकून द्यायचं. ३ ला हा त्रास नाही, २२० आणि ३ यांचा मसावि १ आहे. एवढं नंदूभाऊंचं बरोबर.

पण नंदूभाऊ, १ ते ३ मधून सुरू करून ६० वर थांबलात तर शेवटचं घर १७८, १७९ नाहीतर १८० येतं. १८१ ते २२० यांना चिठ्ठी कोणतीही निघाली तरी जागाच नाही. आणि यादी गावठाणापासून चालत केलेली आहे. १८१ पासून पुढे काय आहे?

भूषण:
पाडा. सगळी ४० घरं पाड्याची.

चौधरी सर:
तेच म्हणतो. नळ गावठाणात आहे, पाड्यावर हातपंप. पाण्याची पाहणी करायची आणि हातपंपावरच्या एकाही घराला विचारायचं नाही, असं होईल. फॉर्म मात्र ६० पूर्ण दिसतील, कुणाला शंकासुद्धा येणार नाही. गोल फिरण्याची पद्धत याचसाठी आहे. संख्याशास्त्रज्ञ डी. बी. लाहिरींनी ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली आणि राष्ट्रीय नमुना पाहणीत ती वापरली गेली. चिठ्ठी १ ते २२० मधून काढली की यादीच्या शेपटाकडच्या घरालाही पहिल्या घराइतकीच संधी मिळते.

विलासदादांचं ५५ वर थांबणं चूक नाही, तेव्हा प्रत्येक घराला चारात एक संधी मिळते. शेजारची पाच घरं हाताने घेणं मात्र नको. कोणत्या घराला किती संधी होती हे मग सांगताच येत नाही.

नंदूभाऊ:
मग ३ धरून गोल फिरा. झालं ना काम? चिठ्ठी २२० मधून, अंतर ३. माझा आकडा राहिला, तुमचं फिरणं राहिलं.

चौधरी सर:
संधी सारखी होईल, हे खरं. पण ६० घरं दर तिसरी घेतली की तुम्ही यादीचा १७८ घरांचाच पट्टा चालता आणि ४२ घरांचा सलग तुकडा कोरा राहतो. चिठ्ठी १, २ किंवा ३ निघाली तर तो तुकडा पाड्यावरच पडतो आणि पाड्याचं एकही घर येत नाही. दुसरी एखादी चिठ्ठी निघाली तर पाड्याची १३-१४ सुद्धा येतील. वाट्याने यायला हवीत ११ च्या आसपास. अशा सगळ्या चिठ्ठ्यांची सरासरी बरोबर असते, पण आपण चिठ्ठी एकदाच काढणार.

म्हणून अंतराचा पूर्णांक करूच नका, ३.६७ च ठेवा. १३७ ची चिठ्ठी तशीच राहू द्या. तीत २२० मिळवत जायचं आणि दर वेळी ६० ने भागून वरचा पूर्णांक घ्यायचा. १३७ भागिले ६० म्हणजे २.२८, घर ३. ३५७ भागिले ६० म्हणजे ५.९५, घर ६. मग १०, १४, १७, २१. उडी कधी ३ ची, कधी ४ ची. शेवटचं घर २१९. भूषण, शीटच्या पहिल्या ओळीपासून साठाव्यापर्यंत हे खेच:

```
=ROUNDUP((137+220*(ROW()-1))/60,0)
```

पाड्याची ११ घरं येतील, पहिलं १८२. चिठ्ठी कोणतीही असती तरी १० किंवा ११ च आली असती.

नंदूभाऊ:
पद्धत बदलली तर चिठ्ठी नव्याने काढायला नको का? नाहीतर उद्या कुणी म्हणेल, घरं बघून पद्धत निवडली.

चौधरी सर:
रास्त शंका आहे. पण १३७ काढली तेव्हा कुणाचं घर येईल हे बघितलेलं नव्हतं, आणि बदल घरं आवडली नाहीत म्हणून केलेला नाही. मी तीच ठेवीन. तुम्हाला समाधान वाटत नसेल तर सगळ्यांसमोर पुन्हा काढा, पण मग निघेल ती मान्य करायची.

विलासदादा:
पाड्याच्या ११ घरांवरून पाड्याचा वेगळा आकडा छापता येईल का? फिल्टर आधी कुठे बसवायचे हे त्यावर ठरणार आहे. नाहीतर पाड्याची २० आणि गावठाणची ४० असं सरळ वाटून घ्या.

चौधरी सर:
११ वरून वेगळा आकडा छापायला मी तयार नाही, तो फारच डळमळीत असेल. २०-४० करता येईल, पण मग दोन याद्या, दोन चिठ्ठ्या, आणि अख्ख्या गावाचा आकडा काढताना दोन्हींना त्यांच्या घरांच्या प्रमाणात वजन द्यावं लागेल. पाड्याच्या एका फॉर्मामागे २ घरं, गावठाणच्या एका फॉर्मामागे साडेचार. हे करणार कोण ते आधी ठरवा.

सुनंदाताई:
वजनाचं तुम्ही बघा. पण दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं ऊसतोडीला जातात. नणंद सांगते, आत्ताच कितीतरी दारांना कुलपं आहेत. ती घरं आली तर पोरं काय करतील? शेजारच्या घरात शिरतील आणि तिथे म्हातारी सांगेल, "हाई गोट मन्हा डोकामा शिरनी नही."

भूषण:
फॉर्म्युला खेचला, ६० वेगवेगळी घरं आली. दादांचं २०-४० रविवारच्या कॉलवर घेऊ, शनिवारी या यादीने गावठाणापासून सुरुवात करतो. सर, कुलूप असलेल्या घराचं मात्र आजच सांगा. पोरांना मी सध्या एवढंच सांगितलंय, की फॉर्मवर घर क्रमांक घालून "बंद" लिहा आणि शेजारी विचारू नका.